पोह्याचा चमचा आणि मिठाच्या गुळण्या

जून संपत आला होता. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई घसा दाखवायला आल्या. आवाज बसलेला, गिळताना कोरडी टोच, आणि दहा दिवस होऊनही उतार नाही. घशात बॅटरी मारली तर टॉन्सिल ठीक होते. पू नव्हता, पांढरे ठिपके नव्हते, जबड्याखाली गाठी नव्हत्या. पण पडजिभेच्या दोन्ही बाजूंची त्वचा उकडलेल्या बीटासारखी लाल आणि कोरडी दिसत होती.

“काय काय केलंत?” असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मी गुळण्या अगदी नेमाने करते. दिवसातून आठ वेळा. शाळेत थर्मासमध्ये पाणी नेते.”

“मीठ किती घालता?”

“एक चमचा.”

घरातल्या चमच्यांनी मला इतक्या वेळा फसवलं आहे की तेवढ्यावर मी थांबत नाही. तो चमचाच घेऊन या म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून काढला तो पोहे खायचा चमचा होता. त्या तो शीग भरून घेत आणि फुलपात्रभर पाण्यात ढवळत. घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तसाच शीग भरून मीठ मोजलं. सोळा ग्रॅम भरलं. त्यांच्या फुलपात्रात दोनशे मिलिलिटर पाणी मावत होतं. म्हणजे शंभर भाग पाण्यात आठ भाग मीठ. समुद्राच्या पाण्यात शंभरात साधारण साडेतीन भाग असतं. बाई दिवसातून आठ वेळा समुद्राच्या दुपटीहून खारट पाण्याने घसा धुत होत्या. आठवड्याचा हिशेब केला तर जवळजवळ किलोभर मिठाची पिशवी संपत होती.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं दुखणं साध्या सर्दीचं असावं. पुढचं दुखणं मिठाचं होतं. घसा जळतोय म्हणून त्या गुळण्या वाढवत होत्या आणि गुळण्या वाढल्या म्हणून घसा जळत होता. असे रुग्ण पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडाशी माझ्याकडे दर आठवड्याला येतात. म्हणून प्रमाणाबद्दल जरा सविस्तर सांगते.

काकडीची कोशिंबीर करताना मीठ लावून ठेवलं की दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी सुटतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं तरी तेच होतं. ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. घशाच्या आतलं नाजूक अस्तरही पेशींचंच बनलेलं आहे आणि त्यालाही हाच नियम लागू आहे. आपल्या रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात जो खारेपणा असतो, त्याच्या तोडीचं मिठाचं पाणी करायचं तर लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ लागतं. दवाखान्यात हाताला लावतात त्या साध्या सलाइनच्या बाटलीत नेमकं हेच प्रमाण असतं. म्हणून ते शिरेतून गेलं तरी रक्तपेशी फुगत नाहीत आणि सुकतही नाहीत.

गुळणीचं पाणी या पातळीपेक्षा किंचितच जास्त खारट हवं. घसा सुजतो तेव्हा अस्तरात जादा पाणी साठलेलं असतं. किंचित खारट पाणी त्यातलं थोडं बाहेर ओढतं, ताण कमी होतो आणि गिळताना होणारी टोच काही वेळ हलकी वाटते. टॉन्सिलच्या खाचांत आणि घशाच्या मागच्या भिंतीवर चिकटलेला शेंबडासारखा चिकट थर सैल होऊन पाण्याबरोबर बाहेर पडतो. कोमट पाण्याने आखडलेल्या स्नायूंनाही बरं वाटतं. गुळणीचं काम इतकंच आहे आणि ते छान होतं. पण बाईंच्या फुलपात्रातलं आठ टक्क्यांचं पाणी घशाची कैरीची फोड करतं. ते सुजेतलं पाणी ओढून थांबत नाही, निरोगी पेशींचंही ओढून घेतं. अस्तरावरचा ओला, चिकट थर हे घशाचं संरक्षण असतं. तो निघून गेला की खालचा भाग उघडा पडतो, लाल होतो आणि झोंबतो.

“पण जास्त मिठाने जंतू मरतात ना?” असं हमखास विचारलं जातं. लोणचं टिकतं ते फोडी महिनोन्‌महिने मिठात बुडून असतात म्हणून. घशात पाणी एका वेळी पंधरा सेकंद राहतं. तेवढ्या वेळात जंतू मरावेत इतकं मीठ घातलं तर त्याआधी आपलंच अस्तर होरपळेल. गुळणीने जंतू धुतले जातात, मारले जात नाहीत. हे एकदा लक्षात आलं की मिठाचा हात आपोआप आखडतो.

आता नेमकं प्रमाण. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो पाच मिलिलिटरचा छोटा चमचा घ्या. तो सपाट भरला, म्हणजे वरून सुरीच्या पाठीने सारखा केला, तर त्यात बारीक दळलेलं मीठ सहा ग्रॅमच्या आसपास बसतं. अडीचशे मिलिलिटर पाण्याला अर्धा चमचा, म्हणजे तीन ग्रॅम मीठ पुरेसं आहे. अडीचशे मिलिलिटर म्हणजे मोठा काचेचा ग्लास काठाच्या थोडा खालपर्यंत भरून. आपला ग्लास केवढा आहे ते एकदा मोजून घ्या. अर्धा लिटर दुधाची पिशवी ज्या पातेल्यात ओतता, त्यात आपला ग्लास किती वेळा रिकामा होतो हे पाहिलं तरी कळतं. दोनदा भरून ओतल्यावर पाणी दुधाच्या खुणेला आलं तर तो ग्लास पाव लिटरचा. फुलपात्र बहुधा त्याहून लहान असतं. त्याला अर्ध्याऐवजी पाव ते एक तृतीयांश चमचा मीठ घ्यावं.

घरात चमच्यांची मोठी गंमत असते. मिसळणाच्या डब्यातला चमचा लहान, चहा-साखरेचा मध्यम, पोह्याचा मोठा. सगळ्यांना आपण ‘चमचा’च म्हणतो. खडे मीठ वापरत असाल तर खड्यांमधे हवा राहते आणि तितक्याच चमच्यात मीठ कमी बसतं, म्हणून आधी कुटून घ्यावं. सैंधव वापरलं किंवा आयोडीनचं साधं मीठ वापरलं तरी गुळणीसाठी फरक पडत नाही. पादेलोण मात्र नको. त्याच्या उग्र वासाने कित्येकांना उमाळा येतो.

मोजायला काहीच हाताशी नसेल तर जिभेवर थेंब घेऊन पाहा. बरोबर झालेलं पाणी नीट मीठ पडलेल्या आमटीइतकं, किंवा ओठांवर ओघळलेल्या अश्रूंपेक्षा जरासं जास्त खारट लागतं. समुद्रात पोहताना तोंडात गेलेल्या पाण्याची आठवण झाली तर ते जास्त झालं. गुळण्या संपल्यावर तोंड सुकलं, लगेच साधं पाणी प्यावंसं वाटलं, गालाच्या आत ओढल्यासारखं झालं, तरी मीठ जास्त झालंय असं समजावं आणि पुढच्या वेळी निम्म्यावर यावं.

पाणी किती गरम हवं यातही चूक होते. पुष्कळ जण अर्धा ग्लास उकळतं आणि अर्धा ग्लास साधं पाणी मिसळतात. शंभर अंशांचं आणि अठ्ठावीस अंशांचं पाणी सारखं मिसळलं तर चौसष्ट अंश होतं. ते तोंड भाजणारं आहे, आणि सुजलेल्या घशाला तर नक्कीच जास्त. एक भाग उकळतं आणि तीन भाग साधं पिण्याचं पाणी घेतलं की ते चाळीस-पंचेचाळिसाच्या जवळ येतं. ग्लासला लागून ओठांपर्यंत येईतो ते चाळीसवर उतरतं. मीठ आधी त्या एका भाग उकळत्या पाण्यात घाला, म्हणजे ते पुरतं विरघळतं, आणि मग वरून साधं पाणी ओता. तळाला न विरघळलेलं मीठ राहिलं की शेवटचे दोन घोट भलतेच खारट होतात. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून तो गरम न वाटता नुसता उबदार वाटला पाहिजे, बाळाच्या दुधाला पाहतो तसं. पाणी पिण्याचंच वापरा. थोडं पोटात जाणारच असतं. आणि प्रत्येक वेळी ताजं करा. सकाळचं उरलेलं संध्याकाळी गरम करून घेऊ नये.

आता गुळणी कशी करायची. गुळणी आणि चूळ यांत फरक आहे आणि तो फार जणांच्या हातून निसटतो. चूळ तोंडात खळखळते, दात-हिरड्या धुते आणि बाहेर येते. आयुर्वेदानेही तोंडात धरायच्या औषधी द्रवाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. तोंड इतकं भरायचं की द्रव हलवता येणार नाही, ते गंडूष. घोट लहान घेऊन तोंडात फिरवायचा, ते कवल. आपल्याला घसा धुवायचा असतो, तेव्हा पाणी या दोन्हींहून मागे, टॉन्सिलपाशी न्यावं लागतं.

बेसिनसमोर उभं राहा. एक साधारण घोट घ्या, वीस-पंचवीस मिलिलिटर. तोंड भरून घेऊ नका. भरलेल्या तोंडाने मान मागे केली की पाणी सांडतं किंवा नको तिकडे जातं. घोट घेण्याआधी नाकाने श्वास भरून घ्या. मग हनुवटी वर करून नजर छताकडे न्या आणि पाणी जिभेच्या मुळाशी जाऊ द्या. आता आवाज काढत श्वास हळूहळू सोडा. तोंड उघडं ठेवून ‘आऽऽ’ म्हणताना जीभ खाली बसते, मागची जागा उघडते आणि आतून येणारी हवा पाण्याला खाली जाऊ देत नाही, नुसतं खदखदवत ठेवते. गुळणीचा जो आवाज येतो तो या हवेचा. पाणी तरंगतं ते याच हवेवर. म्हणून आवाज चालू असताना कधीही श्वास आत घेऊ नका. श्वास संपत आला की आवाज थांबवा, मान खाली करा, पाणी थुंका, मग श्वास घ्या. दहा ते पंधरा सेकंद एका घोटाला पुरतात. एका ग्लासात असे दहा-बारा घोट होतात, मधे विसावा घेत तीन-चार मिनिटांत ग्लास संपतो. संपल्यावर साध्या पाण्याने लगेच चूळ भरू नका, आणि पाऊण घटका, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, खाणं-पिणं टाळा.

सुरुवातीला उमाळा येतो अशा लोकांनी पाणी एकदम मागे नेऊ नये. आधी ‘ओऽ’ म्हणावं, त्यात पाणी तोंडाच्या मध्यावरच खेळतं, आणि दोन-तीन घोटांनंतर ‘आऽ’वर यावं. मान मागे केली की ज्यांना भोवळ येते किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास आहे, त्यांनी बेसिनच्या कडेला हात टेकून मान थोडीशीच वर करावी. पाणी थोडं पुढे राहील, पण पडण्यापेक्षा ते बरं.

या पाण्याची पोच कुठपर्यंत असते, तेही सांगायला हवं, कारण बाईंचा खरा प्रश्न तिथेच होता. गुळणीचं पाणी टॉन्सिल, पडजीभ आणि घशाच्या मागच्या भिंतीचा वरचा भाग इथपर्यंत जातं. स्वरयंत्र त्याच्या बरंच खाली असतं. तिथे पाणी पोहोचलं तर गुळणी होणार नाही, ठसका लागेल. म्हणून बसलेला आवाज गुळण्यांनी सुटत नाही. शिक्षिका, गायक, कीर्तनकार, दुकानात दिवसभर बोलणारे, हे सगळे आवाजासाठी गुळण्या करतात आणि स्वरतंतूंना त्याचा थेंबही मिळत नाही. स्वरतंतूंना हवं असतं ते पोटात गेलेलं भरपूर पाणी, नुसत्या पाण्याची वाफ आणि गप्प बसणं. कुजबुजून बोलणं हे गप्प बसणं नव्हे, त्यात आवाजावर उलट ताण येतो.

किती वेळा करायच्या? घसा दुखत असेल तर दिवसातून तीन किंवा चार वेळा. सकाळी दात घासल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपताना. दोन वेळांमध्ये निदान तीन तास जाऊ द्या, म्हणजे अस्तरावरचा ओला थर पुन्हा तयार होतो. साधी सर्दी-घशाची कुरकुर पाच-सात दिवसांत जाते, गुळण्याही तेवढेच दिवस. दुखणं थांबल्यावर महिनोन्‌महिने रोज मिठाच्या गुळण्या करत राहायची गरज नाही.

रोज करायचीच असेल तर साधं पाणी पुरतं, आणि त्याला एक चांगला दाखला आहे. जपानमध्ये बाहेरून घरी आल्यावर गुळणी करायची पद्धत फार जुनी आहे, तिला ते ‘उगाई’ म्हणतात. तिथल्या संशोधकांनी 2002-03च्या हिवाळ्यात 387 निरोगी माणसांचे तीन गट केले. एका गटाने दिवसातून किमान तीन वेळा साध्या पाण्याने गुळण्या केल्या, दुसऱ्याने पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने, तिसऱ्याने नेहमीसारखंच वागायचं होतं. साठ दिवसांत साध्या पाण्याच्या गटात सर्दी-घशाचं दुखणं एक तृतीयांशाहून थोडं जास्त कमी झालं. आयोडीनच्या गटाला म्हणावा तसा फायदा दिसला नाही. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. सर्दी होऊ नये म्हणून काय करावं, याचं हे उत्तर आहे. झालेला घसा बरा करण्याबद्दल तो काही सांगत नाही. पण धुण्याचं काम पाणी करतं, तिखट औषध नव्हे, हे त्यातून चांगलं दिसतं.

धुतलेलं कुठे जातं हे आपल्याकडे नागपुरात दिसलं. कोविडच्या काळात तिथल्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने नाकात काडी घालण्याऐवजी सलाइनच्या गुळणीतून नमुना घ्यायची पद्धत बसवली आणि मे 2021मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तिला मान्यता दिली. रुग्णाने मिठाच्या पाण्याची गुळणी करून ती नळीत थुंकायची आणि त्यात विषाणू सापडतो का पाहायचं. म्हणजे थुंकलेल्या गुळणीत जंतू असतातच. ती वाहत्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये जाऊ द्यावी. अंगणात, गच्चीवर, झाडाच्या मुळाशी थुंकू नये, आणि गुळणीचा ग्लास घरात प्रत्येकाचा वेगळा असावा.

आता कोणी करू नये याबद्दल. लहान मुलांचा प्रश्न आजी-आजोबा नेहमी विचारतात. साधारण सहा वर्षांखालच्या मुलाला गुळणी करायला लावू नका. त्याला श्वास रोखणं, सोडणं आणि थुंकणं हे एकत्र जमत नाही. एक तर ते सगळं पाणी गिळतं, नाहीतर ठसका लागून पाणी श्वासनळीत जातं. सहाच्या पुढच्या मुलाचीही आधी परीक्षा घ्या. साध्या गार पाण्याचा छोटा घोट द्या, ‘आऽ’ करून थुंकायला सांगा. सलग तीन वेळा न गिळता, न ठसकता जमलं तर मग मिठाचं पाणी, तेही मोठ्यांच्या निम्म्या प्रमाणाचं. त्याहून लहान मुलाच्या घशाला पेज, कोमट पाण्याचे चमचे आणि एक वर्ष पूर्ण झालेलं असेल तर बोटभर मध एवढं पुरतं. एक वर्षाच्या आत मध देऊ नये.

पक्षाघात होऊन गेलेले, पार्किन्सनचे, किंवा जेवताना वारंवार ठसका लागणारे वडीलधारे यांनाही गुळणी नको. त्यांच्या घशाचं दार वेळेवर मिटत नाही. घरातल्यांना हे पटकन लक्षात येत नाही, कारण त्यांना गुळणी आयुष्यभर जमत आलेली असते. जेवताना पाणी पिऊन ते खोकतात का, एवढं पाहा. खोकत असतील तर गुळणीऐवजी तोंड ओल्या कपड्याने पुसून काढणं आणि पुढे वाकून नुसती चूळ भरणं बरं.

दाताच्या डॉक्टरांनी तोंड बधिर केलं असेल तर त्याचा अंमल उतरेपर्यंत गरम पाणी तोंडात घेऊ नका. भाजलं तरी कळणार नाही. दात काढल्यावर पहिले चोवीस तास तर चूळसुद्धा नको. खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते ती जखमेचं झाकण असते. जोराने खळखळलं की ती निघून जाते आणि उघड्या हाडाची भयंकर ठणक सुरू होते. चोवीस तासांनंतर, तुमच्या दंतवैद्यांनी सांगितलं असेल तर, मिठाचं कोमट पाणी तोंडात हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलवायचं आणि ओठ सोडून आपोआप पडू द्यायचं. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांनीही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळणी करू नये. तिथली खपली सुटून रक्त येण्याची भीती असते.

रक्तदाबाच्या रुग्णांना भीती वाटते की गुळणीने रक्तदाब वाढेल. नीट प्रमाणात आणि थुंकून केलेल्या गुळणीने सहसा तसं होत नाही. आकडा मांडून पाहू. तीन ग्रॅम मिठाच्या ग्लासातला समजा दहावा भाग पोटात गेला, तर ते 0.3 ग्रॅम. चार वेळा केल्यावर सव्वा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, त्यातला हा चौथा भाग झाला. निरोगी माणसाला तो सहज सोसतो. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे मीठ मोजून खायला सांगितलंय, त्यांच्या दृष्टीने हा भाग लहान नाही. त्यांनी साध्या कोमट पाण्याने कराव्यात किंवा आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. बाईंचा हिशेब मांडला तर सोळा ग्रॅमचा दहावा भाग आठ वेळा म्हणजे दिवसाला जवळजवळ तेरा ग्रॅम. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. त्या दिवशी दवाखान्यात त्यांचा रक्तदाब नेहमीपेक्षा जास्त निघाला होता.

काही दुखणी अशी असतात की गुळण्यांवर दिवस घालवणं महागात पडतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एकाएकी दुखायला लागला, ताप आहे, पण सर्दी-खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा घसा असू शकतो. त्याला नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झालं तर पुढे येणारा र्‍हुमॅटिक ताप टळतो. हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो, आणि आपल्या देशात तो अजून संपलेला नाही. गुळणीने दुखणं कमी होतं, जंतू जात नाही, आणि दुखणं कमी झाल्यामुळेच आईवडील डॉक्टरांकडे जायचं लांबवतात. घशात राखाडी, खरवडल्यावर रक्त येणारा पडदा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. तोंड पूर्ण उघडत नाही, एकाच बाजूला सूज आहे, आवाज तोंडात गरम बटाटा असल्यासारखा झालाय, लाळ गिळता येत नाही, श्वासाला आवाज येतो, यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा किंवा ओढणाऱ्याचा, तर स्वरयंत्र आतून पाहून घ्यावं.

बाईंच्या गुळण्या मी दोन दिवस पूर्ण बंद केल्या. कोमट पाण्याचे घोट, रात्री नुसत्या पाण्याची वाफ आणि वर्गात फळ्यावर लिहून बोलणं कमी, एवढंच. तिसऱ्या दिवसापासून अर्धा छोटा चमचा मीठ, पाव लिटर पाणी, फक्त सकाळी आणि झोपताना. आठवड्याने त्या आल्या तेव्हा घशाचं अस्तर ओलं आणि गुलाबी दिसत होतं. रक्तदाबही नेहमीच्या आकड्यावर आला होता. आवाज परतायला मात्र आणखी दहा दिवस लागले, कारण तिसरीच्या वर्गासमोर गप्प राहणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी घरच्या काचेच्या ग्लासवर पाव लिटरच्या खुणेला नखाच्या लाल रंगाची रेघ मारली होती आणि औषधाचा छोटा चमचा मिठाच्या बरणीतच ठेवला होता. पोह्याचा चमचा पोह्यांकडे परत गेला होता.